टेक्निकल डेक क्लायंटसाठी सोपा करताय? या चुका टाळा

ऑनलाइन ऑर्डर घेणारी एक कंपनी आहे असं धरा. तिची सिस्टीम जुन्या सर्व्हरवरून क्लाउडवर न्यायची आहे. इंजिनिअरांनी चाळीस स्लाइडचा डेक केलाय आणि तो चांगला आहे. पण मीटिंगला बसणार आहेत कंपनीच्या मालकीणबाई, हिशेब बघणारे आणि डिस्पॅच सांभाळणारे. मग कुणीतरी डेकची काटछाट करायला बसतं. चाळीसच्या बारा स्लाइड होतात, अवघड शब्दांच्या जागी सोपे शब्द येतात, दोनचार आयकॉन लागतात. एवढं करून क्लायंटला काहीच कळलेलं नसतं किंवा भलतंच कळलेलं असतं. दुसरा प्रकार जास्त महागात पडतो.

काटछाटीतला घोळ असा की स्लाइड कमी झाल्या तरी क्रम इंजिनिअरांचाच राहतो: आधी आर्किटेक्चर, मग टूल्स, मग टेस्टिंग, आणि जोखीम सर्वांत शेवटी. क्लायंटचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. धंदा किती वेळ थांबणार, काय जाऊ शकतं, खर्च किती आणि आम्ही नेमकं काय ठरवायचं? हे प्रश्न एका कोऱ्या कागदावर लिहा आणि मगच मूळ डेक उघडून त्यात उत्तरं शोधा. ज्या स्लाइडमधून एकाही प्रश्नाचं उत्तर निघत नाही, ती कितीही देखणी असली तरी या मीटिंगची नाही. आर्किटेक्चरची आकृती बहुतेक वेळा इथेच गळते. इंजिनिअर थोडे नाराज होतात, होऊ द्या.

सोपं करताना अट गळून पडते

सर्वांत घातक चूक हीच, म्हणून ती नीट बघू. मूळ डेकमध्ये एक ओळ होती: ‘आरपीओ १५ मिनिटे, आरटीओ ४ तास.’ सोप्या डेकमध्ये तिचं झालं: ‘बिघाड झाला तरी तुमचा डेटा सुरक्षित, सिस्टीम लगेच पुन्हा सुरू.’

वाचायला छान आहे, पण खोटं आहे. आरपीओ म्हणजे मोठा बिघाड झाल्यावर जास्तीत जास्त किती वेळाचा ताजा डेटा जाऊ शकतो, याची आखलेली मर्यादा. इथे डेटाची प्रत दर १५ मिनिटांनी दुसरीकडे जाते. शेवटची प्रत गेल्यानंतर आणि बिघाड होण्याआधी जे काही नोंदलं गेलं, ते परत मिळणार नाही. आरटीओ म्हणजे काम पुन्हा सुरू होण्यासाठी धरलेला जास्तीत जास्त वेळ. दोन्ही लक्ष्यं आहेत आणि ती पाळता येतात की नाही, हे सराव करून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणजे त्या एका गोड वाक्यात मर्यादा गेली, ‘जास्तीत जास्त’ गेलं आणि ‘लक्ष्य’ही गेलं. उरलं ते वचन.

आता तीच ओळ क्लायंटच्या कामाच्या भाषेत आणू. समजा गर्दीच्या वेळी तासाला २४० ऑर्डर येतात. म्हणजे १५ मिनिटांत ६०. तर वाक्य असं होईल: ‘गर्दीच्या वेळी मोठा बिघाड झाला, तर शेवटच्या साधारण ६० ऑर्डर सिस्टीममधून जाऊ शकतात आणि नवीन ऑर्डर घ्यायला ४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं. ही आमची लक्ष्यं आहेत, त्यांचा सराव अजून झालेला नाही.’ सराव झाला असेल तर शेवटच्या वाक्यात कधी झाला आणि किती वेळ लागला ते लिहा.

असं लिहिलं की हिशेब बघणारे लगेच विचारतात, ‘पण पैसे तर गेटवेवर कापले गेलेले असतील ना?’ बरोबर. पेमेंटची नोंद गेटवेकडे आहे आणि ऑर्डरची नोंद आपल्याकडे नाही, अशी विचित्र स्थिती तयार होते. ग्राहकाचे पैसे गेले, माल निघालाच नाही. मग गेटवेच्या यादीशी ताळा घालून त्या ऑर्डर शोधायच्या कुणी, पुन्हा भरायच्या कुणी आणि तोवर ग्राहकाला सांगायचं काय, ही क्लायंटच्या ऑफिसची कामं आहेत. ‘डेटा सुरक्षित’ लिहिलं असतं तर हा प्रश्न बिघाडाच्या दिवशीच उपटला असता.

आणि याच वाक्यातून निर्णयही समोर येतो. प्रत्येक नोंद त्याच क्षणी दोन ठिकाणी लिहायची व्यवस्था करता येते. तसं केलं तर जाणारा डेटा जवळपास शून्यावर येतो, पण खर्च वाढतो आणि प्रत्येक नोंद थोडी सावकाश होते. ६० ऑर्डरची जोखीम पत्करायची की जास्तीचा खर्च करायचा, हे मालकीणबाईंनी ठरवायचं असतं. ‘आरपीओ १५ मिनिटे’ वाचून त्या ठरवणार तरी कशा?

टक्के तसेच ठेवले

‘अव्हेलेबिलिटी ९९.९ टक्के’ हे ऐकून क्लायंट खूश होतो, कारण कानाला ते ‘कधीच बंद नाही’ असं लागतं. ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ साधारण ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. हे लिहिलंत की पुढचा प्रश्न येणारच: ‘महिन्याला ४३ मिनिटं म्हणता, मग मघाचे ४ तास कुठले?’ उत्तर तयार ठेवा. ४३ मिनिटं हा महिन्याच्या करारातला आकडा आहे आणि ४ तास हा एखाद्या मोठ्या बिघाडासाठीचा. तसा बिघाड झाला तर त्या महिन्यात ९९.९ पाळलं जाणार नाही, हे उघड सांगा. ठरवून केलेली देखभाल करारात या मोजणीबाहेर ठेवली असेल, तर तेही त्याच स्लाइडवर हवं. करार मोडल्यास भरपाई म्हणून पुढच्या बिलात सूट मिळत असेल आणि बुडालेली विक्री भरून मिळत नसेल, तर तेही तिथेच सांगा.

वेगाच्या आकड्यांचं थोडक्यात: ‘९५ टक्के रिक्वेस्ट एका सेकंदात’ याचा अर्थ ‘९५ टक्के ग्राहकांना वेगवान’ असा होत नाही. एका ऑर्डरमागे वीस रिक्वेस्ट जात असतील आणि त्या एकमेकींवर अवलंबून नसतील, तर निम्म्याहून जास्त ऑर्डरमध्ये एखादी तरी रिक्वेस्ट रखडते. त्यापेक्षा इंजिनिअरांना पूर्ण ऑर्डर व्हायला लागणारा वेळ मोजायला सांगा आणि तोच आकडा दाखवा.

मीटिंगमध्ये बिनसतंय हे कसं ओळखायचं?

‘समजलं का?’ विचारू नका. सगळे मान डोलावतात. आदल्या दिवशी प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला स्लाइड वाचायला द्या आणि विचारा, ‘दुपारी तीनला सर्व्हर बसला, तर साडेतीनला डिस्पॅचवाले काय करत असतील?’ तो ‘काही नाही, चालूच असेल’ म्हणाला, तर स्लाइड चुकीची आहे. खुद्द मीटिंगमध्ये ‘म्हणजे बंद पडणार नाही ना?’ असं कुणी विचारलं, तर तुमचं वाक्य हमी म्हणून वाचलं गेलंय. तिथल्या तिथे फळ्यावर अटीसकट लिहा. आणि कुणीच काही विचारत नसेल, तर बहुतेक ठरवण्यासारखं काही तुम्ही समोर ठेवलेलंच नाही.

शेवटचा हात फिरवताना प्रत्येक सोप्या वाक्याच्या नोट्समध्ये मूळ डेकचा स्लाइड क्रमांक टाका आणि ते वाक्य ज्या इंजिनिअरचं आहे त्याला दाखवा. त्याला ‘बरं वाटतंय का?’ न विचारता ‘हे कोणत्या परिस्थितीत खोटं ठरेल?’ असं विचारा. तो जे सांगेल ती गळलेली अट. स्लाइड क्रमांकाचा आणखी एक उपयोग आहे: प्रत जाण्याचं अंतर पुढे १५ वरून ३० मिनिटं झालं, तर ६० ऑर्डरचं वाक्य कुठे बदलायचं हे शोधत बसावं लागत नाही.