प्रोबेशन संपताना : कायम करण्याचे पत्र, मुदतवाढीचे पत्र आणि कारणांची भाषा

काही वर्षांपूर्वी गोकुळ शिरगावच्या एका मशीनशॉपमध्ये कार्मिक विभागात असताना मी एका तरुणाच्या हाती पत्र दिले होते. ‘आपले काम अपेक्षेप्रमाणे नसल्याने आपले प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढविण्यात येत आहे,’ एवढेच त्यात होते. त्याने ते दोनदा वाचले आणि विचारले, ‘साहेब, नक्की काय चुकलं?’ मला उत्तर देता आले नाही, कारण त्याच्या विभागप्रमुखांनीही ते मला सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. मुदतवाढीचे पत्र कसे लिहावे हे मी त्या प्रश्नापासून शिकलो, आणि ते कोल्हापूर परिसरातील छोट्या-मध्यम कारखान्यांना उपयोगी पडेल असे वाटते.

दोन पत्रांतील फरक

कायम करण्याचे पत्र छोटे असते आणि छोटेच असावे. कोणत्या तारखेपासून कायम, कोणत्या पदावर, वेतनात बदल आहे की नाही, आणि नियुक्तिपत्रातील कोणत्या अटी आता बदलतात, बहुधा नोटिशीची मुदत आणि रजा, एवढे त्यात आले की पुरे. भविष्य निर्वाह निधी व ईएसआय लागू असतील तर ते रुजू झाल्याच्या दिवसापासूनच लागू असतात. ‘कायम झाल्यावर पीएफ सुरू करू’ असे कोणी सांगत असेल तर ते चूक आहे, आणि तसे वाक्य या पत्रात येऊ नये. तसेच ‘आपणास कायम करीत आहोत, मात्र पुढील तीन महिने आपल्या कामावर लक्ष ठेवण्यात येईल’ असे मिश्र पत्र कधीही देऊ नये. वाचणाऱ्याला आपण कायम झालो की नाही हेच त्यातून कळत नाही, आणि वाद झाला तर कंपनीलाही ते सांगता येत नाही.

मुदतवाढीच्या पत्राचे काम वेगळे आहे. निर्णय अजून झालेला नाही, तो का झाला नाही, आणि तो कधी व कशावरून होईल, हे त्याने सांगायचे असते. म्हणून सगळी काळजी या दुसऱ्या पत्राला लागते.

आधी नियुक्तिपत्र काढा

पहिली पायरी म्हणजे मूळ नियुक्तिपत्रातील प्रोबेशनचे कलम वाचणे. मुदत किती, ती वाढवण्याचा अधिकार आहे का, कमाल वाढ किती, आणि वाढ लेखी कळवायची आहे का, हे चार मुद्दे पाहावेत. वाढीचा अधिकारच नसेल तर पत्रात कारण कितीही चांगले लिहिले तरी त्याला आधार नसतो. संबंधित व्यक्ती कामगार या व्याख्येत बसत असेल तर कारखान्याला लागू असलेले स्थायी आदेशही पाहावे लागतात. 1946 च्या कायद्याखालील केंद्रीय नमुना स्थायी आदेशांत प्रोबेशनरची व्याख्याच तीन महिन्यांच्या सेवेवर बेतलेली होती; त्यामुळे सहा महिन्यांचे कलम सर्वांना सरसकट लावता येते असे गृहीत धरू नये.

तारीख तितकीच महत्त्वाची आहे. पत्र मुदत संपण्यापूर्वी हातात पडले पाहिजे. सेवानियमांत कमाल मुदत ठरलेली असताना ती उलटून गेल्यावरही कर्मचारी कामावर राहिला, तर तो कायम झाल्याचे मानले जाईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध धरम सिंग या खटल्यात 1968 मध्ये दिला. तो सरकारी सेवेतला खटला होता, आणि जेथे ‘लेखी आदेशाशिवाय कायम होणार नाही’ असे नियमातच असते तेथे निष्कर्ष वेगळा निघतो. तरी खासगी कारखान्यानेही ही वेळ येऊ देऊ नये. जानेवारीत जाग आल्यावर डिसेंबरची तारीख घालून पत्र तयार करणे हा उपाय नव्हे. ती खोटी नोंद होते, आणि पोहोच घेतलेल्या सहीची तारीख ते उघडे पाडते.

कारण नोंदीतून काढा : एक उदाहरण

समजा, एक क्वालिटी इन्स्पेक्टर 1 जुलै 2024 रोजी रुजू झाला. प्रोबेशन सहा महिन्यांचे, म्हणजे 31 डिसेंबरपर्यंत. कलम 4 नुसार ते लेखी कळवून जास्तीत जास्त तीन महिने वाढवता येते. त्याची कामे तीन : बाहेरून येणाऱ्या कास्टिंगची तपासणी, यंत्रावर चालू कामाचे मोजमाप, आणि माल निघण्यापूर्वीचा तपासणी अहवाल. 10 डिसेंबरला विभागप्रमुख सांगतात, ‘पोरगा चांगला आहे, पण रिपोर्टमध्ये लक्ष नसतं. तीन महिने वाढवा.’

‘लक्ष नसतं’ हे कारण नाही, ते मत आहे. म्हणून अहवालांची फाइल मागवावी. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून त्याने 24 अहवाल तयार केले, त्यांपैकी 9 दुरुस्तीसाठी परत आले. सहांमध्ये बोअरच्या मापाची जागा रिकामी होती, आणि तीन अहवाल जुन्या ड्रॉइंगवरून केलेले होते. बहुतेक ठिकाणी चौकशी इथेच थांबते आणि पत्रात ‘24 पैकी 9’ असा आकडा जातो.

मात्र गेज रजिस्टर उघडले तर दिसते की बोअर गेज 14 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर कॅलिब्रेशनसाठी बाहेर होता आणि दुसरा गेज शॉपमध्ये नव्हता. सहांपैकी चार रिकाम्या जागा याच दिवसांतल्या आहेत. जे साधन आपण दिलेच नाही, त्याचे माप न घेतल्याचा ठपका त्याच्यावर ठेवता येत नाही. ते चार वजा करावेत. मग ड्रॉइंग रजिस्टर पाहावे : नवे ड्रॉइंग मिळाल्याची त्याची सही 21 ऑक्टोबरची आहे, आणि जुन्या ड्रॉइंगवरच्या तीन अहवालांपैकी एक त्याआधीचा आहे. तोही वजा करावा. उरले चार.

नऊचे चार झाले म्हणून कारण कमकुवत झाले असे विभागप्रमुखांना वाटेल. माझ्या मते ते पक्के झाले. या चारांबद्दल त्या तरुणाशी समोरासमोर बसून बोलता येते, आणि त्यालाही ते नाकारण्याचे कारण उरत नाही. नऊचा आकडा दिला असता तर पहिल्याच मिनिटाला त्याने गेजची गोष्ट काढली असती, आणि मग उरलेल्या चार खऱ्या चुकांवरही त्याचा विश्वास बसला नसता.

वाढीची मुदतही याच हिशेबातून निघते. आठवड्याला सुमारे तीन अहवाल होतात. त्याचे काम सुधारले की नाही हे ठरवायला पंधरा-अठरा अहवाल पुरेसे आहेत, म्हणजे सहा आठवडे. कलमात तीन महिने लिहिले आहेत म्हणून तीन महिने वाढवणे हे अन्यायाचे आहे. ती कमाल मर्यादा आहे, प्रत्येकाला लावायचे माप नव्हे.

पत्रातील परिच्छेद

असे पत्र 20 डिसेंबरच्या सुमारास पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

‘आपला प्रोबेशन कालावधी 31 डिसेंबर 2024 रोजी पूर्ण होत आहे. कास्टिंगची तपासणी आणि चालू कामाचे मोजमाप ही आपली दोन्ही कामे अपेक्षेप्रमाणे होत आहेत. ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांतील आपले चार तपासणी अहवाल दुरुस्तीसाठी परत आले. त्यांपैकी दोनांत बोअरचे माप नोंदवलेले नव्हते आणि दोन जुन्या ड्रॉइंगनुसार केलेले होते. त्यांची यादी सोबत आहे. बोअर गेज उपलब्ध नसतानाचे आणि नवे ड्रॉइंग आपणास मिळण्यापूर्वीचे अहवाल यात धरलेले नाहीत. अहवालांबाबत निर्णय घेण्यासाठी आणखी काही काळाचे काम पाहणे आवश्यक असल्याने, नियुक्तिपत्रातील कलम 4 नुसार आपले प्रोबेशन 1 जानेवारी ते 11 फेब्रुवारी 2025 असे सहा आठवडे वाढविण्यात येत आहे. या काळात प्रत्येक अहवालात सर्व मापे भरलेली असावीत व तो चालू ड्रॉइंगनुसार असावा, अशी अपेक्षा आहे. 22 जानेवारी रोजी आपल्यासोबत आढावा घेतला जाईल व 5 फेब्रुवारीपर्यंत निर्णय लेखी कळविला जाईल. आपले वेतन व सध्याच्या सुविधा यांत बदल नाही.’

जे चांगले आहे ते यात सौजन्य म्हणून आलेले नाही. तक्रार नेमकी कुठपर्यंत आहे याची हद्द त्याने ठरते. पत्र माणसाला वाचता येईल त्या भाषेत असावे हेही सांगायला हवे. शॉप फ्लोअरवर सगळा व्यवहार मराठीत आणि पत्र मात्र इंग्रजीत, ही पद्धत मला कधीच पटली नाही.

जे लिहू नये

‘वृत्ती बरोबर नाही’, ‘टीममध्ये मिसळत नाही’, ‘जबाबदारीची जाणीव नाही’ असे शब्द स्वभावावर बोट ठेवतात, कामावर नाही. माणूस सहा आठवड्यांत अहवाल सुधारू शकतो. ‘वृत्ती’ सुधारल्याचा पुरावा मात्र त्याने काय आणायचा? घरच्या अडचणी, आजारपण किंवा बाळंतपण हेही कामातील उणीव म्हणून नोंदवू नये. रजेमुळे काम पाहायला पुरेसे दिवसच मिळाले नसतील तर तेवढेच आणि तसेच लिहावे.

सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे गैरवर्तनाचा आरोप या पत्रात सरकवणे. भंगाराच्या वजनात फेरफार केल्याचा संशय असेल तर त्याची रीतसर चौकशी करावी. ‘आपल्या प्रामाणिकपणाबद्दल शंका असल्याने प्रोबेशन वाढवीत आहोत’ असे लिहू नये. काम समाधानकारक नाही एवढे म्हटल्याने कलंक लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पवनेंद्र नारायण वर्मा यांच्या खटल्यात 2001 मध्ये म्हटले आहे. मात्र दीप्तिप्रकाश बॅनर्जी यांच्या 1999 च्या निकालानुसार, सेवा संपवण्याच्या आदेशात ज्या आधीच्या कागदांचा उल्लेख असतो, त्यांतील कलंकही त्या आदेशाला चिकटू शकतो. म्हणजे आज मुदतवाढीच्या पत्रात रागाने लिहिलेले एक वाक्य उद्या सौम्य शब्दांतल्या आदेशालाही बाधू शकते, आणि तो माणूस कागलला किंवा शिरोलीला दुसरी नोकरी शोधायला जाईल तेव्हा त्याच्याही आड येऊ शकते.

पत्र देताना आणि त्यानंतर

पत्र विभागप्रमुखांच्या उपस्थितीत द्यावे, यादीतील चारही अहवाल टेबलावर ठेवावेत आणि त्याला बोलू द्यावे. सही ‘मिळाले’ एवढ्यापुरतीच घ्यावी. ‘मान्य आहे’ असे लिहून घेऊ नये. त्याने लेखी म्हणणे दिले तर ते त्याच फाइलला लावावे, आणि त्यात एखादा अहवाल चुकीने धरल्याचे दिसले तर दुरुस्तीचे पत्र द्यावे. 22 जानेवारीचा आढावा खरोखर घ्यावा, मग त्या दिवशी डिस्पॅचची कितीही घाई असो, कारण तो टळला तर 5 फेब्रुवारीच्या निर्णयाला आधार राहत नाही.

काम सुधारले असेल तर कायम करण्याच्या पत्रात मुदतवाढीची कारणे पुन्हा उगाळू नयेत. प्रभावी तारीख मात्र स्पष्ट लिहावी : 12 फेब्रुवारी, की मागे जाऊन 1 जानेवारी. वेतनवाढ आणि ज्येष्ठता या तारखेवर ठरणार असल्याने ती मोघम ठेवता येत नाही. वरच्या उदाहरणात मी 1 जानेवारी धरली असती, कारण परत आलेल्या नऊ अहवालांपैकी पाचांची जबाबदारी आमची होती.