जुन्या क्लायंटकडे शिफारस मागण्याआधी

लिंक्डइनवर शिफारस मागायची असेल, तर प्रोफाइलआधी बिलांची फाइल उघडा. गेल्या दोन वर्षांतली बिलं समोर आली की विसरलेली छोटी कामंही दिसतात. प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहा: आपण काम केल्यावर त्यांच्याकडे नेमकं काय बदललं? तुम्हालाच ते एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर क्लायंटला कुठून सुचणार? ते नाव सोडून द्या. जिथे पैसे अडकलेत किंवा दरावरून बोलणं चालू आहे, तिथेही आत्ता मागू नका. गोपनीयतेचा करार असेल, तर आधी त्यांची परवानगी घ्या. आणि ज्या प्रकारचं काम पुढे करायचंच नाही, त्याची शिफारस कितीही छान मिळाली तरी ती तसलीच कामं घेऊन येईल. एवढं गाळल्यावर चार-पाच नावं उरली तरी पुष्कळ झाली.

आता कोणाला विचारायचं ते ठरवा. समजा, तुम्ही फ्रीलान्स वेबसाइट करता आणि नाशिकच्या एका डेंटल क्लिनिकला ऑनलाइन अपॉइंटमेंटची सोय करून दिली. काम ठरवलं डॉक्टर मॅडमनी, पण फरक रोज अनुभवला रिसेप्शनवरच्या ताईंनी. पुढचा क्लायंट डॉक्टरच असणार, म्हणून शिफारस मॅडमकडून हवी. तपशील मात्र ताईंकडे आहे. त्यांना फोन करून विचारा. ‘पूर्वी एकाच वेळेला दोन पेशंट यायचे, रजिस्टरमध्ये खाडाखोड व्हायची, आता तसं होत नाही,’ असं त्या सांगतील. हे वाक्य जपून ठेवा, मॅडमना आठवण द्यायला ते लागणार आहे.

विनंती पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासा. मॅडम तुमच्या थेट कनेक्शनमध्ये हव्यात, नाहीतर विनंती जाणारच नाही. शिवाय ते काम केलं तेव्हाचं तुमचं पद प्रोफाइलवर हवं, कारण फॉर्ममध्ये आपलं नातं आणि त्या वेळचं पद निवडावं लागतं. फ्रीलान्स कामाची नोंदच केलेली नसेल, तर लोक हाताशी असलेली जुनी नोकरी निवडून टाकतात आणि क्लायंटची शिफारस भलत्याच कंपनीखाली जाऊन बसते.

थेट Request a recommendation दाबू नका. तिथला तयार मजकूर तसाच गेला, तर ‘मेहनती, प्रामाणिक, वेळेवर काम करणारे’ एवढंच परत येतं. त्यात क्लायंटचा दोष नसतो. काय लिहायचं ते आपण सांगितलेलं नसतं. आधी व्हॉट्सॲपवर विचारा, होकार आला की मग फॉर्म भरा आणि त्यात असा मजकूर टाका:

‘नमस्कार मॅडम, क्लिनिकच्या अपॉइंटमेंटच्या कामाबद्दल चार-पाच ओळी लिहाल का? काम सुरू होण्याआधी कशाचा त्रास होता, एकाच वेळेला दोन पेशंट येण्याचं पुढे काय झालं, आणि अडचण आली तेव्हा मी ती कशी सोडवली, एवढं आलं तर नवीन क्लिनिकवाल्यांना अंदाज येईल. काही कमी पडलं असेल तर तेही मोकळेपणाने लिहा. सध्या वेळ नसेल तर तसं सांगा, काहीच हरकत नाही.’

यात प्रश्न तीनच आहेत आणि उत्तरं मॅडमची आहेत. चौथा-पाचवा प्रश्न घातला की तो फॉर्म वाटतो आणि ‘रविवारी लिहिते’ म्हणून मागे पडतो. शेवटचं वाक्यही काढू नका. नाही म्हणायला जागा नसली, की माणूस औपचारिकता म्हणून काहीतरी लिहून मोकळा होतो.

‘तुम्हीच लिहून पाठवा, मी टाकते,’ हे उत्तर हमखास येतं. तसं केलं तर चार क्लायंटच्या शिफारशी एकाच हाताच्या वाटतात, आणि वाचणाऱ्याला ते कळतं. त्याऐवजी दहा मिनिटं फोनवर बोला, हेच तीन प्रश्न विचारा, त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्या आणि ते टिपण पाठवा. त्या मराठीत बोलल्या असतील तर मराठीतच लिहू द्या. ओढूनताणून केलेल्या इंग्रजीत तपशील गळतो. बदल्यात लगेच त्यांची शिफारस लिहू नका, कारण दिलेल्या आणि मिळालेल्या शिफारशी प्रोफाइलवर शेजारीशेजारी दिसतात.

आठ-दहा दिवसांत काही आलं नाही, तर एकदाच आठवण करून द्या. शिफारस आली की तुम्ही मान्य करेपर्यंत ती प्रोफाइलवर दिसत नाही, म्हणून आधी नीट वाचा. कामाचं नाव चुकलं असेल किंवा पेशंटची ओळख पटेल असं काही आलं असेल, तर तिथूनच दुरुस्ती मागता येते. मात्र ‘थोडं अजून छान करा’ असं लिहू नका. नेमकं वाक्य दाखवा: ‘मॅडम, दुसऱ्या ओळीत पेशंटचं गाव आलंय, तेवढं काढाल का?’