बरणी, खिडकी आणि पांढरा कार्डशीट

नमस्कार मैत्रिणींनो! कोथरूड, हडपसर, पिंपरी, कुठून कुठून आलात, तेही सकाळच्या ट्रॅफिकमधून. सगळ्यांचं मनापासून स्वागत. चहा मागे ठेवलाय, घेत घेत ऐका.

गृहउद्योगांच्या मालाचे फोटो काढून देणं हे माझं रोजचं काम. आज सुरुवातीलाच अवघड गिऱ्हाईक घेऊया: लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी. काचेत समोरचं सगळं दिसतं, तुमचा गाऊन, पंखा आणि ट्यूबसुद्धा.

म्हणून आधी ट्यूब आणि बल्ब बंद करा. दिवसाचा उजेड निळसर असतो, साध्या बल्बचा पिवळा. फोन रंग जुळवताना दोन्हींना एकाच मापाने मोजतो, मग लेबल एका बाजूने पांढरं आणि दुसऱ्या बाजूने पिवळट येतं. फोटोत लेबलाच्या दोन्ही कडा बघा, लगेच कळेल.

आता टेबल खिडकीपाशी घ्या. थेट ऊन येत असेल तर खिडकीवर पांढरी सुती ओढणी लावा, नाहीतर काळ्याकुट्ट सावल्या पडतात. खिडकी बरणीच्या बाजूला आणि थोडी मागे हवी. त्या उजेडाने तेल आतून चमकतं आणि फोडी दिसतात. मात्र पुढचं लेबल अंधारात जातं. त्यासाठी खिडकीच्या समोरच्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, पांढरा कार्डशीट उभा करा. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल. लेबल नीट वाचता येईपर्यंत तो हळूहळू जवळ सरकवत न्या.

फोनची लेन्स पुसा. फोडणी देणाऱ्या हातांचा फोन असतो तो! मग फोन बरणीला चिकटवू नका. दोन हात मागे सरका आणि २x झूम लावा. जवळून आणि वरून काढलं की बरणीचं झाकण फुगतं, तळ निमुळता होतो. फोन बरणीच्या मध्याच्या उंचीला धरा, स्क्रीनवर लेबलावर बोट टेकवा आणि त्याचा पांढरा भाग भगभगीत दिसत असेल तर फोटोचा उजेड थोडा कमी करा.

काचेच्या कडेला खिडकीची उभी पांढरी रेघ आली तर राहू द्या, तिच्यामुळेच काच काचेसारखी दिसते. तीच रेघ लेबलावर आली तर चालत नाही. पण गोल बरणी जागच्या जागी फिरवून ती रेघ हलत नाही, फक्त लेबल फिरतं. त्यामुळे बरणीची किंवा फोनची जागा बदला. स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तर गडद रंगाचा कुर्ता घाला.

फिल्टर लावून लोणचं लालभडक करायचा मोह होतो. मी तरी करू देत नाही. बरणी घरी पोहोचली की गिऱ्हाईक फोटोशी ताडून बघतंच. आणि छापखान्यात फोटो पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एरवी तो आक्रसून जातो.

चला, चौघी-चौघींनी एकेक खिडकी धरा. बरण्या टेबलावर आहेत.