अंडी उकडताना या चुका टाळा: घड्याळ नेमकं कधी लावायचं?

अंडं कच्चट राहिलं किंवा बलकाचा कोरडा भुगा झाला, की आपण पुढच्या वेळी मिनिटं बदलतो. मागच्या खेपेला आठ लावली होती, आता दहा लावू. पण 'आठ मिनिटं उकड' एवढं सांगून काहीच कळत नाही. गार पाण्यात अंडी ठेवून गॅस पेटवल्यापासून आठ, त्याच पाण्याला उकळी फुटल्यापासून आठ, की आधण आलेल्या पाण्यात अंडी सोडल्यापासून आठ? पहिल्या प्रकारात बलक बहुधा पातळ राहील, दुसऱ्यात पूर्ण घट्ट होईल आणि तिसऱ्यात मधोमध कुठेतरी येईल. आकडा एकच, अंडी तीन तऱ्हेची.

याचं कारण अंड्याच्या पोटात आहे. पांढरा भाग साधारण ६२ अंशांना धरू लागतो, पण तो छान घट्ट व्हायला ८० अंशांच्या आसपास उष्णता लागते. बलक ६५ अंशांना दाट व्हायला लागतो आणि ७० च्या पुढे घट्ट बसतो. म्हणजे बलकाला खरं तर कमी उष्णता पुरते. पण तो मध्यभागी असल्याने उष्णता त्याच्यापर्यंत उशिरा पोचते. आपल्याला पांढरा धरलेला आणि बलक मऊ हवा असेल, तर उष्णता आत पोचत असतानाच नेमक्या क्षणी अंडं बाहेर काढावं लागतं. हा क्षण मऊ बलकासाठी फार तर अर्ध्या-पाऊण मिनिटाचा असतो. तेवढी अचूकता हवी, तर घड्याळ कुठून सुरू झालं हे पक्कं माहीत असायला हवं.

गार पाण्याची मिनिटं दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून उचलणं

सगळ्यात मोठी चूक ही. दोन घरं डोळ्यांसमोर आणा. एका घरी दोन अंडी, लहान पातेलं, अर्धा लिटर पाणी आणि इंडक्शन. पाण्याला चार-पाच मिनिटांत उकळी येते. तेवढ्या वेळात अंड्याचा बाहेरचा थरच तापलेला असतो. मधला बलक अजून जवळजवळ कच्चा असतो. दुसऱ्या घरी डझनभर अंडी, मोठं पातेलं, अडीच-तीन लिटर पाणी आणि गॅसचा छोटा बर्नर. इथे उकळी फुटायला पंधरा मिनिटंही लागू शकतात. या काळात पाणी कितीतरी वेळ ७०, ८०, ९० अंशांवर असतं आणि अंडी तेव्हापासूनच शिजत असतात. उकळी दिसते त्या क्षणी पांढरा बराचसा धरलेला असतो आणि बलकही दाट व्हायला आलेला असतो.

आता दोघांनीही 'उकळी आल्यावर चार मिनिटं' हा नियम पाळला, तर पहिल्या घरी पातळ बलक मिळेल आणि दुसऱ्या घरी जवळपास घट्ट. पाककृती चुकीची नव्हती, ती तिसऱ्याच पातेल्यावर मोजलेली होती. 'उकळी आली की गॅस बंद करून झाकण ठेवा' ही पद्धतही अशीच फसवी आहे. मोठ्या पातेल्यातलं भरपूर पाणी उष्णता धरून ठेवतं, लहान पातेलं भराभर निवतं.

गार पाण्याचाच रिवाज ठेवायचा असेल, तर आपल्या घराचं वेळापत्रक आपणच काढावं. नेहमीचं पातेलं, नेहमीचा बर्नर, पूर्ण आच, आणि अंड्यांवर बोटभर येईल इतकं पाणी. चार अंडी ठेवा. मोठे बुडबुडे सतत फुटू लागले की घड्याळ लावा. तळाशी बारीक मोती दिसणं म्हणजे उकळी नव्हे. मग दोन, चार, सहा आणि आठ मिनिटांनी एकेक अंडं काढून थेट बर्फाच्या पाण्यात टाका आणि पेन्सिलीने त्यावर आकडा लिहा. चारही कापून शेजारी शेजारी ठेवली, की तुमच्या चुलीचा नियम समोर दिसेल. पातेलं किंवा अंड्यांची संख्या बदलली, की तो नियम रद्द.

मऊ बलक हवा, तर आधण आणा

उकळत्या पाण्याचा फायदा असा की अंडं आत जाण्याआधीच पाणी किती तापलंय हे माहीत असतं. पातेलं तांब्याचं असो की ॲल्युमिनियमचं, बर्नर छोटा असो की मोठा, घड्याळ अंडं पाण्यात शिरलं तिथूनच सुरू होतं. म्हणून या पद्धतीचे आकडे एका घरातून दुसऱ्या घरात बऱ्यापैकी तसेच चालतात.

एक उदाहरण नीट मांडते. चार अंडी, प्रत्येकी साधारण ५० ग्रॅम, फ्रिजमधून नुकतीच काढलेली. पातेल्यात दीड लिटर पाणी खळखळून उकळतंय. झाऱ्यावर ठेवून एकेक अंडं अलगद तळाशी सोडायचं आणि शेवटचं सोडलं की घड्याळ लावायचं. साडेपाच मिनिटांनी काढलं, तर पांढरा धरलेला आणि बलक वाहता मिळतो, टोस्ट बुडवून खावा असा. सात मिनिटांना बलकाची कड धरते आणि मध्यभाग मुरंब्याच्या पाकासारखा दाट राहतो. दहा मिनिटांना बलक आरपार घट्ट होतो, पण ओलसर असतो. त्यापुढे फक्त कोरडेपणा वाढतो.

परदेशी पाककृतींमधले आकडे यापेक्षा मिनिटभराने जास्त दिसतात, कारण तिकडचं 'लार्ज' अंडं ६० ग्रॅमच्या आसपासचं असतं. आपल्याकडे दुकानातलं अंडं बरेचदा ५० ग्रॅमच्या आगेमागे भरतं आणि गावरान त्याहून लहान. गावरान अंड्याला वरच्या वेळेतून मिनिटभर कमी करा. अंडी फ्रिजबाहेर असतील, तरी मिनिटभर कमी. मे महिन्यातल्या उकाड्यात ओट्यावर ठेवलेली असतील, तर दीड मिनिटही कमी करावं लागतं. मऊ बलक फसण्यामागे हे कारण फार वेळा असतं, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

उंचीचाही परिणाम होतो. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, तिथे घट्ट बलकाला अर्धा मिनिट वाढवला तरी पुरतं. महाबळेश्वरला ते ९५-९६ वर उकळतं. तिथे मऊ बलकाला पाऊण मिनिट आणि घट्ट बलकाला दीड मिनिट जास्त द्या.

या पद्धतीत लोक पाण्यात कंजूषी करतात. पेलाभर उकळत्या पाण्यात फ्रिजमधली सहा अंडी टाकली, की उकळी तिथेच बसते आणि पुन्हा यायला दोन-तीन मिनिटं जातात. मग आपण पुन्हा गार पाण्याच्याच अनिश्चिततेत येतो. चार अंड्यांना दीड लिटर हे प्रमाण म्हणून सांगितलं. अंडी सोडल्यावर उकळी मिनिटभरात परत आली पाहिजे. ती आली की आच थोडी कमी करा. खळखळ वाढवून पाणी आणखी तापत नाही, अंडी मात्र एकमेकांवर आपटून तडकतात.

तडकण्याची भीती असेल, तर अंड्याच्या बोथट टोकाला टाचणीने बारीक भोक पाडा. तिथे हवेची पोकळी असते. ती हवा तापून फुगते तेव्हा तिला वाट मिळते. हमखास उपाय नाही, पण उपयोग होतो. पाण्यात मीठ घातल्याने कवच मजबूत होत नाही. तडा गेलाच, तर बाहेर आलेला पांढरा पटकन धरतो, इतकाच त्याचा उपयोग.

गॅस बंद केला म्हणजे शिजणं थांबलं, असं समजणं

पाण्यातून काढलेलं अंडं आतून शिजतच राहतं. बाहेरच्या थरातली उष्णता आत सरकते आणि सात मिनिटांचा दाट बलक ताटात येईपर्यंत घट्ट होतो. अंडी लगेच गार करायलाच हवीत. इथे नळाचं पाणी दगा देतं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चांगलंच कोमट असतं, त्यात अंडी निवत नाहीत. बर्फाचे खडे घाला, नाहीतर माठातलं पाणी घ्या आणि ते दोनदा बदला. मऊ बलकाचं अंडं गरम खायचं असेल तर मिनिटभर बुडवलं तरी पुरे. घट्ट अंडी दहा मिनिटं ठेवावीत.

बलकाभोवती हिरवट-करडी कड दिसते, ती जास्त वेळ शिजवल्याची आणि सावकाश निवल्याची खूण. पांढऱ्यातला गंधकयुक्त वायू बलकातल्या लोहाला भेटतो आणि ही कड तयार होते. अंडं खराब नसतं, पण वास आणि चव उतरते. गार पाण्यात मोठ्या पातेल्यात उकडलेल्या आणि त्याच गरम पाण्यात विसरलेल्या अंड्यांवर ती हमखास दिसते.

सोलताना पांढऱ्याचे लचके निघत असतील, तर आधी सुरुवात तपासा. गार पाण्यातून हळूहळू तापताना पांढरा आतल्या पापुद्र्याला चिकटतो. उकळत्या पाण्यात तो झटकन धरतो आणि सुटा राहतो. दुसरं कारण अंड्याचा ताजेपणा. एक-दोन दिवसांपूर्वी घातलेलं अंडं कसंही उकडलं तरी थोडा त्रास देतं, आठवड्याभराचं सहज सुटतं. बोथट टोकाकडून, पाण्याखाली धरून सोलायला सुरुवात करा.

गार पाणी कुठे बरं

वीसएक अंडी अंडाकरीसाठी किंवा बिर्याणीसाठी उकडायची असतील, तर गार पाणीच सोयीचं. इतकी अंडी एकेक करून उकळत्या पाण्यात सोडताना पहिल्या आणि शेवटच्या अंड्यात दोन मिनिटांचं अंतर पडतं आणि धक्क्याने चार-दोन तडकतात. बलक घट्टच हवा असल्याने मिनिट इकडे-तिकडे चालतं. मोठ्या पातेल्याला उकळी फुटल्यावर सात-आठ मिनिटं पुरतात. अंडी नंतर रश्श्यात पुन्हा उकळणार असतील, तर सहालाच काढा. गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस जेवणार असेल, तेव्हाही बलक घट्टच ठेवा.

एवढं करून एखादं अंडं कापल्यावर कच्चं निघालं, तर बाकीची सोलू नका. न सोललेली अंडी पुन्हा उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं सोडली की बलक धरतो. कापलेलं अंडं रश्श्यात किंवा झाकण ठेवलेल्या तव्यावर उलटं ठेवून घ्या. सोललेलं असो वा कवचासकट, अख्खं अंडं मायक्रोवेव्हमध्ये मात्र ठेवू नका. आत वाफ कोंडते आणि ते बाहेर काढल्यावर, सुरी लावताच तोंडावर फुटू शकतं.