सीआयएफचा भाव दिलात ना? मग इन्व्हॉइसवर भाडं पुन्हा जोडू नका

परदेशी व्यापारात कोणता खर्च आणि जोखीम कोणाची हे ठरवणाऱ्या इन्कोटर्म्स २०२० मध्ये ११ अटी आहेत. त्यांचा रंगीत तक्ता भिंतीवर लावून पाठ करायच्या भानगडीत पडू नका. समुद्रमार्गे माल जात असेल तर आधी एफओबी आणि सीआयएफ पक्क्या करा. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा, पुढचं भाडं आणि विमा माल घेणाऱ्याने बघायचा. सीआयएफमध्ये पोहोचण्याच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा विकणारा भरतो. म्हणून एफओबीपुढे माल चढण्याच्या बंदराचं नाव येतं आणि सीआयएफपुढे उतरण्याच्या. हे उलटं झालं की कोटेशनचा अर्थच लागत नाही.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. माणूस अडकतो तो पुढे, कारण सीआयएफ भावात भाडं आणि विमा आधीच धरलेले असतात. इन्व्हॉइसवर ते वेगळे दाखवायचे तर एकूण रकमेची फोड म्हणून दाखवायचे, वरून जोडायचे नाहीत.

आकड्यांत बघू. ५०० नग, एफओबी ४० डॉलर प्रमाणे २०,००० डॉलर. भाडं १,५००. विम्याचा दर ०.३ टक्के. आता विमा कशावर काढायचा? बहुतेक जण २०,०००वर काढून ६० डॉलर लिहितात आणि तिथेच चुकतात. सीआयएफमध्ये विमा किमान ११० टक्क्यांचा लागतो, आणि तोही सीआयएफ किमतीच्या, ज्यात विम्याचा हप्ताही येतो. त्यामुळे २१,५००ला ०.९९६७ने भागायचं (१ मधून १.१ गुणिले ०.००३ वजा केले की हा आकडा येतो). उत्तर २१,५७१.१८. एका नगाला ४३.१४ आणि वर थोडं. कोटेशनमध्ये ४३.१४ लिहिलंत तर एकूण २१,५७० होऊन थोडं कमीच पडतं, म्हणून ४३.१५ लिहा. एकूण २१,५७५.

आता इन्व्हॉइस असं दिसेल:

```
५०० नग × ४३.१५, सीआयएफ (उतरण्याचं बंदर), इन्कोटर्म्स २०२०
एकूण सीआयएफ      २१,५७५.००
त्यापैकी भाडं        १,५००.००
त्यापैकी विमा           ७१.२०
एफओबी मूल्य     २०,००३.८०
```

एफओबी मूल्य शेवटी, वजाबाकीने आलं आहे. पॉलिसी किमान २३,७३२.५० डॉलरची हवी, आणि तिची तारीख माल चढण्याच्या तारखेनंतरची नको. एफओबीवर ११० टक्के धरून २२,०००ची पॉलिसी काढली असेल, तर एलसी, म्हणजे घेणाऱ्याच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीखाली, कागद तपासताना बँक ती नाकारते. मग घेणाऱ्याने खोट मान्य करेपर्यंत पैसे अडकून बसतात.

समजा, कोटेशननंतर भाडं १,५००चं १,९०० झालं. इन्व्हॉइसच्या तळाला ‘जादा भाडं ४००’ अशी ओळ टाकायचा मोह होतो, आणि शेजारचा अनुभवी माणूस बिनधास्त म्हणतो, टाक रे, चालतं. नाही चालत. बँकांच्या तपासणीच्या रीतीत भाडं, विमा, कागदपत्रांचा खर्च हे सगळं लिहिलेल्या अटीच्या किमतीतच बसलं पाहिजे. एकूण २१,५७५च राहणार. भाडं खरं, म्हणजे १,९०० दाखवायचं आणि एफओबी मूल्य १९,६०३.८० होणार. ते ४०० तुमच्या खिशातून. म्हणून सीआयएफ भावाला मुदत घाला, आणि ती भाड्याच्या दराच्या मुदतीहून एक दिवसही जास्त नको. भाडं वाढल्यास फरक घेणाऱ्याकडे, असं ठरलं असेल तर ते एलसीतही लिहून घ्या. मेलवरचा होकार बँक बघत नाही.

घाबरू नका, हा हिशेब दोनदा हाताने केला की बसतो. मागच्या ऑर्डरची फाइल कॉपी करून फक्त आकडे बदलण्याची सवय मात्र सोडा. अटीचं जुनं नाव तसंच राहतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

एफओबीत इन्व्हॉइसवर भाड्याची ओळच नको, आणि जहाज कंपनीच्या बिल ऑफ लेडिंगवर ‘फ्रेट कलेक्ट’, म्हणजे भाडं घेणारा देणार, असं असावं. तिथे ‘फ्रेट प्रीपेड’, म्हणजे भाडं आधीच भरलं, असं छापून आलं तर काहीतरी गडबड आहे. सीआयएफमध्ये बरोबर उलटं. एफओबी ठरल्यावर घेणारा म्हणाला, भाडं तुम्हीच भरा, नंतर देतो, तर एक तर अट बदलून सीएफआर, म्हणजे भाडं तुमचं पण विमा त्याचा, अशी करा आणि भाव नव्याने द्या, नाही तर वेगळी डेबिट नोट काढा.

आणि एक गोष्ट विक्री विभागातही सांगून ठेवा: सीआयएफमध्ये भाडं पुढच्या बंदरापर्यंत तुमचं असलं तरी जोखीम माल जहाजावर चढला तिथेच घेणाऱ्याकडे जाते. वाटेत माल भिजला तर दावा तो करतो, तुमची पॉलिसी त्याच्या नावे एंडॉर्स करून दिलेली असेल तर. शिवाय सीआयएफचा किमान विमा म्हणजे सर्वांत कमी संरक्षणाचा ‘सी’ क्लॉज, त्यात चोरी किंवा साधं भिजणं येत नाही. घेणाऱ्याला जास्त संरक्षणाचा ‘ए’ क्लॉज हवा असेल तर हप्ता वाढेल, आणि तो दर वरच्या ०.३च्या जागी घालूनच भाव सांगा.