जुनी नोंदणी वाचवली, नवी केली नाही

2019 मध्ये पदविका झाल्यावर मी नागपूरच्या रोजगार कार्यालयात, म्हणजे आताच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात, नाव नोंदवलं होतं. नंतर नोकरीसाठी नोंदणी कार्ड मागितलं, तेव्हा rojgar.mahaswayam.gov.in उघडलं. पासवर्ड आठवेना, आणि नवा पासवर्ड घ्यायला ओटीपी जायचा तो बंद झालेल्या सिमवर.

सायबर कॅफेवाला म्हणाला, "ताई, नवीनच करून टाका, पाच मिनिटांचं काम." माझा हात तिथेच थांबला. कार्डावर नोंदणीची तारीख असते, आणि ज्येष्ठता त्याच तारखेपासून धरतात. नवी नोंदणी म्हणजे आजची तारीख, मागची वर्षं गेली. शिवाय आधार क्रमांक आधीच जोडलेला असला की दुसरी नोंदणी अडकतेच.

दुसऱ्या दिवशी सिव्हिल लाईन्सच्या त्या केंद्रात गेले. जुन्या कार्डाची छापील प्रत, आधार आणि दहावीची सनद सोबत होती. मोबाइल क्रमांक बदलण्याचा साधा अर्ज लिहिला, त्यात नोंदणी क्रमांक ठळक टाकला. खिडकीवरच्या मॅडमनी आधारवरचं नाव सनदेशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. माझं जुळत होतं. लग्नानंतर आधारवर नाव बदललेल्या माझ्या मैत्रिणीला मात्र राजपत्राची प्रत आणायला परत जावं लागलं.

नवा क्रमांक चढल्यावर ओटीपी आला. आत जाऊन पत्ता, पदवी आणि अनुभव भरला, नूतनीकरण केलं आणि कार्ड पुन्हा छापलं. नोंदणीची तारीख 2019 चीच होती, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पुढची नूतनीकरणाची तारीख आता घरच्या कालनिर्णयवर लिहिलीय, महिनाभर आधीच्या पानावर.