साठावा हेक्साग्राम आणि जवळची नाती: या चुका टाळा

जवळच्या माणसाला कुठे थांबवायचं हे विचारायला लोक ई चिंग या जुन्या चिनी शकुनग्रंथाची नाणी टाकतात. नाण्यांवरून सहा रेषांची एक आकृती बनते, तोच हेक्साग्राम, आणि ग्रंथात अशा चौसष्ट आहेत. साठावा हेक्साग्राम आला की उत्तर मिळालंच असं धरून उठतात. त्याच्या खालच्या तीन रेषा म्हणजे तळं, वरच्या तीन म्हणजे पाणी, आणि नाव 'ज्ये'. मराठीत आपण त्याला मर्यादा म्हणतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. 'मर्यादेत राहा' हे आपण कुणाला आणि कोणत्या सुरात सांगतो ते आठवून बघा. त्या शब्दासोबत एक तर धाक डोक्यात येतो, नाही तर भिंत.

'ज्ये'च्या चिनी अक्षराच्या माथ्यावर बांबूचं चिन्ह आहे. मूळ अर्थ बांबूची गाठ, दोन पेरांच्या मधली. बांबू उभा चिरला की दिसतं, पोकळ नळीत त्या ठिकाणी एक पडदा असतो. तो आतली पोकळी अडवतो, पण दोन पेरं धरूनही तोच ठेवतो, आणि फांदी फुटते तीही गाठीपाशीच. म्हणून हा हेक्साग्राम आला की 'तिला कसं अडवू' हा प्रश्न मी बाजूला ठेवायला लावते आणि 'गाठ नेमकी कुठे यायला हवी' असं विचारते.

आता ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त छळलंय ती. ही मी स्वतः केली आहे.

माझ्या एका मैत्रिणीच्या फ्लॅटची जादा किल्ली तिच्या ताईकडे होती. ताई जवळच राहायची. सकाळी बेल न वाजवता आत यायची, ओट्यावर डबा ठेवायची, जाता जाता कपाटंही लावून द्यायची. मैत्रिणीने विचारलं, "अगं, ताईशी या किल्लीबद्दल बोलू का?" आम्ही तीन नाणी सहा वेळा टाकली. छाप्याला 3, काट्याला 2, आणि तिन्हींची बेरीज म्हणजे एक रेषा: 7 आणि 9 अखंड, 6 आणि 8 तुटक. खालून वर मोजत गेलो तर 7, 9, 8, 8, 7, 8 असे आकडे आले. म्हणजे साठावा, आणि खालून दुसरी रेषा हलती, कारण 9 आणि 6 याच हलत्या रेषा. ती उलटली की खालचं तळं जाऊन तिथे मेघगर्जना येते आणि तिसरा हेक्साग्राम, 'चुन', तयार होतो: सुरुवातीची अडचण.

मी घाईत थेट तिसऱ्यावर गेले. त्याच्या निकालात, म्हणजे मुख्य वचनात, 'कुठे निघू नका' अशा अर्थाचे शब्द आहेत. मी म्हटलं, "थांब, आत्ता बोलू नकोस." ती थांबली. चार महिने गप्प राहिली आणि शेवटी एक दिवस न सांगता कुलूप बदललं. दुसऱ्या दिवशी ताई डबा घेऊन आली. किल्ली आत गेली, पण फिरेना. तिने दोनतीनदा प्रयत्न केला, मग डबा पायपुसण्यावर ठेवून ती निघून गेली. पुढचे कितीतरी आठवडे दोघी बोलल्या नाहीत.

उत्तर तर दुसऱ्या रेषेतच होतं. पहिल्या आणि दुसऱ्या रेषेचे शब्द जवळजवळ सारखे आहेत, म्हणून नवशिके त्यांना एकच समजतात. पहिली म्हणते: खोलीच्या दारापुढच्या अंगणाबाहेर न जाणं, दोष नाही. दुसरी म्हणते: फाटकाच्या अंगणाबाहेर न जाणं, अशुभ. पहिलीतलं अक्षर एका फळीच्या आतल्या दाराचं, दुसरीतलं दोन फळ्यांच्या बाहेरच्या फाटकाचं. पहिल्या रेषेवर जुनं भाष्य म्हणतं की गोंधळाची पायरी शब्दांनी रचली जाते, म्हणून अजून काही ठरलेलं नसताना तोंड आवरा. दुसरीवरचं भाष्य म्हणतं, वेळ पार हातची गेली. तळं काठोकाठ भरलेलं असताना फाटक बंद ठेवणं म्हणजे ते फुटण्याची वाट बघणं. मैत्रिणीचं तळं केव्हाच भरलं होतं. रेषा 'जा आणि बोल' म्हणत होती आणि मी तिला घरात बसवलं.

तेव्हापासून माझा नेम पक्का आहे. एकच रेषा हलती असेल तर आधी तिचंच वाचायचं, मोठ्याने आणि दोनदा. बाराव्या शतकातल्या चू शी या चिनी भाष्यकाराचा नियमही हाच: एक हलली तर ती रेषा, दोन हलल्या तर दोन्ही, पण भर त्यातल्या वरच्या रेषेवर. बदलून आलेला हेक्साग्राम वारा कुठे वाहतोय एवढं सांगतो, रेषेचं म्हणणं खोडत नाही. एका बोटात निकाल देणारी ॲप्स दोन्ही हेक्साग्राम एकाखाली एक दाखवतात आणि माणूस साहजिकच शेवटचं वाचून उठतो. निदान पहिलं वर्षभर तरी वहीत सहा रेषा हाताने, खालून वर काढाव्यात. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी नात्यांचे प्रश्न तरी नाण्यांवर टाकू नयेत.

दुसरी मोठी चूक कडूपणाची. कडू औषध गुणकारी हे आपल्या अंगात भिनलेलं आहे, त्यामुळे सगळ्यात वरची रेषा, 'कडू मर्यादा', आली की लोक कंबर कसतात. त्रास होतोय म्हणजे बरोबर चाललंय असं त्यांना वाटतं. पण या हेक्साग्रामचा मूळ निकालच सांगतो की कडू मर्यादा धरून बसू नये, आणि वरची रेषा तेच पुन्हा सांगते: हट्टाने चालू ठेवली तर अशुभ. मर्यादा कडू झाली हे ओळखायला माझी एक खूण आहे. रोज पहारा द्यावा लागतो का? फोन घेतला की नाही, ती किती वाजता आली, किती बोलली, याचा हिशेब तुम्हीच ठेवत असाल आणि समोरच्याआधी तुम्हीच थकत असाल, तर ती सैल करा. पाचवी रेषा, 'गोड मर्यादा', राजाच्या जागेवर आहे. परंपरेने तिचा अर्थ असा लावतात की जो मर्यादा घालतो तो आधी स्वतः पाळतो. मी मैत्रिणीला नंतर विचारलं तेव्हा कळलं की ताईची स्कूटर मैत्रीणही न विचारता नेत होती.

बाकीच्या थोडक्यात. मनासारखं आलं नाही म्हणून पुन्हा नाणी टाकू नका. चौथा हेक्साग्राम स्पष्ट सांगतो की पहिल्यांदा विचारलं तर उत्तर मिळतं, दुसऱ्या-तिसऱ्यांदा तो उपद्रव होतो आणि उत्तर मिळत नाही. साठाव्याची तिसरी रेषा म्हणते की मर्यादा न पाळणाऱ्यावर उसासे टाकायची वेळ येते; ती आली तर समोरच्याकडे बोट दाखवू नका, तो उसासा तुमचाच आहे. प्रश्न 'तो सुधारेल का' असा नको, 'मी काय ठरवू' असा हवा. आणि घरात मारहाण किंवा धमकी असेल तर नाणी ठेवून द्या आणि मदत मागा. तो या हेक्साग्रामचा विषय नाही.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाकडून करून घेते. साठाव्या हेक्साग्रामच्या 'तळ्यावर पाणी' या चित्रावरचं वचन म्हणतं की सज्जन माणूस संख्या आणि माप ठरवतो. म्हणून ठरवलेल्या मर्यादेत एक तरी आकडा हवा. 'जरा कमी येत जा' म्हटलं की समोरच्याला फक्त टोचतं, कळत काहीच नाही. मैत्रिणीने शेवटी फाटक उघडलं ते असं: ताईच्या घरी स्वतः गेली, कुलपाबद्दल माफी मागितली, नवीन किल्ली तिच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "ही अडीअडचणीसाठी. एरवी रविवारी 11 नंतर ये, बेल वाजव, मी दार उघडते. आणि स्कूटर हवी असेल तर मी आदल्या दिवशी विचारीन." ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "अकरा म्हणजे नाश्ता तुझ्याकडे की माझ्याकडे?"